रक्तदानाची एक बॅग: फॉर्म भरण्यापासून लोह भरून येईपर्यंत

शिबिरातून घरी आलेल्या मुलाला आई हमखास विचारते, “किती काढलं रे रक्त?” उत्तर येतं, “साडेतीनशे मिली.” मग नारळपाणी, डाळिंब, दुपारची झोप, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा ठणठणीत. घरच्यांना वाटतं, रक्त भरून आलं. रक्तपेढीत काम करताना ही समजूत मी सतत ऐकतो, आणि ती अर्धीच खरी आहे. गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत परत येतं. गेलेलं लोह परत यायला महिने लागतात. शिबिरात विचारले जाणारे बरेच प्रश्न, दोन रक्तदानांमधलं सक्तीचं अंतर आणि बोटातला तो एक थेंब यांचा अर्थ या फरकाशी जोडलेला आहे.

हे नीट कळावं म्हणून एकच दाता आणि एकच बॅग घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, 30 वर्षांचा निरोगी पुरुष आहे. वजन 65 किलो, हिमोग्लोबिन 14. रविवारी सकाळी दहा वाजता तो समाजमंदिरातल्या शिबिरात पोहोचला आहे.

फॉर्म आणि डॉक्टरांचं टेबल

सर्वात आधी फॉर्म. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे दात्याचं वय 18 ते 65 हवं. पहिल्यांदाच देणाऱ्याला वरची मर्यादा 60 आहे. वजन किमान 45 किलो. 55 किलोच्या वर असेल तर 450 मिली घेता येतं, पण महाराष्ट्रातल्या शिबिरांत बहुतेक वेळा 350 मिलीच्या बॅगा असतात. आपल्या दात्याचंही 350 च घेणार आहोत.

पुढे प्रश्नांची लांबलचक यादी येते आणि बरेच जण न वाचता सगळीकडे ‘नाही’वर खूण करतात. तसं करू नका. त्या यादीत दोन वेगळ्या प्रकारचे प्रश्न मिसळलेले असतात. काही प्रश्न तुमच्या काळजीचे असतात: गेल्या चार तासांत काही खाल्लं का, रात्री झोप झाली का, फिट येतात का, हृदयाचा त्रास आहे का, इन्सुलिन घेता का. बाकीचे प्रश्न ज्याला हे रक्त चढणार त्याच्या काळजीचे असतात: मलेरिया झाला होता का, कावीळ, टायफॉइड, गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलं का, दात काढला का. टॅटू काढून बारा महिने झालेले नसतील तर थांबायला सांगतात. मलेरियाचे उपचार संपून तीन महिने जावे लागतात.

यातला एक प्रश्न क्षुल्लक वाटतो: गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली का? उत्तर ‘हो’ असलं तरी रक्त घेतलं जातं. पण अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेट एकमेकींना चिकटेनाशा होतात आणि त्या त्यांच्या उरलेल्या आयुष्यात सुधारत नाहीत. म्हणून त्या बॅगेतल्या प्लेटलेट वापरायच्या नाहीत, अशी नोंद बॅगेबरोबर जाते. तुम्ही सांगितलं नाही, तर रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला निकामी प्लेटलेट चढतात आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

असुरक्षित शरीरसंबंध आणि सुयांच्या वापराबद्दलचे प्रश्नही असतात. ते एकट्याने, आडोशाला विचारले गेले पाहिजेत. मंडळाची सगळी पोरं टेबलाभोवती उभी असताना कोणीही खरं सांगणार नाही, म्हणून शिबिर भरवणाऱ्यांनी तपासणीच्या टेबलाला पडदा लावावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. “पुढे तपासणी होतेच की” हे कारण पुरेसं का नाही, ते थोड्या वेळाने येईल.

यानंतर डॉक्टर नाडी, रक्तदाब आणि ताप बघतात. वरचा रक्तदाब 100 ते 140, खालचा 60 ते 90, नाडी मिनिटाला 60 ते 100 आणि नियमित. दोन्ही हातांच्या शिराही याच वेळी पाहून घेतात.

बोटातला थेंब

हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं, स्त्री असो वा पुरुष. शिबिरात ते दोन पद्धतींनी पाहतात. एक छोटं यंत्र असतं, ते आकडा दाखवतं. दुसरी जुनी पद्धत मोरचुदाच्या निळ्या द्रावणाची. द्रावणाची घनता 1.053 ठेवलेली असते. साधारण एक सेंटिमीटर उंचीवरून थेंब सोडतात. हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त असेल तर थेंब द्रावणापेक्षा जड असतो आणि पंधरा सेकंदांत तळाला जातो. कमी असेल तर तरंगतो किंवा मध्येच घुटमळून वर येतो.

ही पद्धत स्वस्त आहे आणि चांगली चालते, पण तिच्या चुका ओळखता आल्या पाहिजेत. बोट पिळून पिळून थेंब काढला की त्यात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि चांगला दाता उगाच नापास होतो. थेंबात हवेचा बुडबुडा गेला तरी तेच होतं. द्रावण जुनं झालं की घनता बदलते. म्हणून 30 मिली द्रावणात पंचवीसेक थेंबांनंतर नवीन घ्यायचं असतं. रांगेत तुमच्यासमोरची बाटली गढूळ तांबूस दिसली, तर “द्रावण बदलता का?” असं सरळ विचारा.

आपल्या दात्याचं 14 आहे. तो खुर्चीवर जातो.

सुई लागण्यापासून बॅग सील होईपर्यंत

खुर्चीवर जाण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यावं. पुढे चक्कर येण्याची शक्यता त्याने खरोखर कमी होते. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या खोबणीतली ठळक शीर निवडतात, त्वचा जंतुनाशकाने पुसतात आणि ती सुकू देतात. हे सुकणं महत्त्वाचं. ओल्या त्वचेतून सुई गेली तर जंतू पुरते मेलेले नसतात, आणि पुसल्यावर जागा पुन्हा बोटाने चाचपली तर सगळी मेहनत वाया जाते.

सुई जाड असते, 16 गेजची. बारीक सुईतून रक्त हळू येतं, पेशी फुटतात आणि गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. चांगल्या बॅगांना बाजूला एक छोटी पिशवी असते, पहिलं थोडं रक्त तिच्यात वळवतात. सुईने त्वचेचा जो सूक्ष्म तुकडा जंतूंसह कापून आत नेलेला असतो, तो या पहिल्या रक्तात वाहून जातो. तपासणीच्या नळ्याही याच पिशवीतून भरतात, म्हणजे दात्याला वेगळी सुई टोचावी लागत नाही.

मुख्य बॅगेत 49 मिली द्रावण आधीच भरलेलं असतं. त्यातलं सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला पकडून ठेवतं. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. हे प्रमाण 350 मिलीसाठी मोजून ठेवलेलं असतं, म्हणून बॅग कमी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि जास्त भरली तर गुठळ्या होऊ शकतात. बॅग एका हलत्या तराजूवर ठेवलेली असते. तो रक्त आणि द्रावण मिसळत राहतो आणि वजनावरून प्रवाह थांबवतो. 350 मिली रक्ताचं वजन साधारण 370 ग्रॅम भरतं. शीर मध्येच बंद पडून 200 मिलीवर थांबावं लागलं, तर ती बॅग बहुधा वापरता येत नाही. दात्याला वाईट वाटतं, पण दुसऱ्या हाताला पुन्हा टोचून बॅग पुरी करायची नसते.

सगळं ठीक असेल तर पाच ते आठ मिनिटांत काम होतं. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर गोठण्याची प्रक्रिया आत सुरू झालेली असू शकते, म्हणून त्या बॅगेतून प्लेटलेट आणि ताजा गोठवलेला प्लाझ्मा काढत नाहीत. उलट बॅग भराभर, धडधडत, लालभडक रक्ताने भरू लागली तर सुई धमनीत गेलेली असू शकते. तेव्हा ती लगेच काढून जागा बराच वेळ घट्ट दाबून धरावी लागते. हातात विजेसारखी झिणझिण बोटांपर्यंत गेली तर सुई मज्जातंतूला लागली आहे. सहन करत बसू नका, तिथल्या तिथे सांगा.

त्यानंतरची पंधरा मिनिटं

सुई निघाली की हात सरळ ठेवून कापूस दाबायचा. कोपर दुमडला की शिरेवरचं भोक नीट बंद होत नाही आणि निळा फुगवटा येतो. मग बिस्किट, सरबत, आणि पंधरा मिनिटं बसून राहणं.

चक्कर येणारा माणूस पडण्याआधी खुणा देतो: चेहरा पांढरा पडतो, जांभया येतात, कपाळाला घाम सुटतो, बोलता बोलता गप्प होतो. नाडी मंदावते. हे रक्त कमी झाल्याने कमी आणि मज्जासंस्थेच्या प्रतिक्रियेने जास्त घडतं, म्हणूनच पहिल्यांदा देणारे, तरुण आणि कमी वजनाचे दाते यात जास्त सापडतात. अशा वेळी आडवं करून पाय वर उचलायचे, कपडे सैल करायचे. पूर्ण शुद्धीत नसताना पाणी पाजायचं नाही. ज्यांना आधी कधी चक्कर आली आहे त्यांनी खुर्चीवर असतानाच मांड्या आणि पोटाचे स्नायू काही सेकंद आवळून सोडत राहावं; रक्त हृदयाकडे ढकललं जातं.

काही वेळा चक्कर तासाभराने, घरी जाताना येते. म्हणून लगेच मोटारसायकलवर लांब जाऊ नये, त्या दिवशी त्या हाताने जड उचलू नये, आणि शिडीवर किंवा यंत्रावर काम असेल तर ते दुसऱ्या दिवशी करावं.

बॅग पेढीत पोहोचते

दाता घरी जेवत असतो तेव्हा बॅगेची घाई सुरू असते. साधारण सहा तासांच्या आत तिचे घटक वेगळे व्हायला हवेत, आणि तोपर्यंत तिला 20 ते 24 अंशांत ठेवायचं. फ्रिजमध्ये टाकली तर प्लेटलेट निकामी होतात. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या गावातून गाडी चार तास येणार असेल, तर नुसत्या साध्या खोक्यातून आलेल्या बॅगांच्या प्लेटलेटवर पाणी सोडावं लागतं. आयोजकांनी शिबिर सकाळी लवकर सुरू करावं आणि जमलेल्या बॅगा दोन फेऱ्यांत पाठवाव्यात, यामागचं कारण हेच.

आपल्या दात्याची बॅग तिहेरी आहे, म्हणजे मुख्य पिशवीला दोन रिकाम्या वाटाव्यात अशा पिशव्या जोडलेल्या. खरं तर त्यांपैकी एकीत तांबड्या पेशींसाठी द्रावण असतं. बॅगा थंड राखणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर अगदी सारख्या वजनाने बसवतात. पहिली फिरकी हलकी. ताकातून लोणी वर यावं तसा हलका भाग वर येतो आणि जड तांबड्या पेशी तळाला बसतात. वरचा पिवळसर थर प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा असतो. बॅग एका चापात दाबली की तो थर नळीतून शेजारच्या पिशवीत जातो, आणि तांबड्या पेशींमध्ये मीठ, ग्लुकोज, अ‍ॅडेनाइन आणि मॅनिटॉलचं द्रावण सोडतात. नळी सील करून तांबड्या पेशी बाजूला काढल्या, की त्या 2 ते 6 अंशांत 42 दिवस टिकतात.

उरलेल्या दोन पिशव्यांना दुसरी, जोरदार फिरकी देतात. आता प्लेटलेट तळाला चिकटून बसतात. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या पिशवीत काढून तळाशी पन्नासेक मिली ठेवतात. त्या चिकटलेल्या प्लेटलेटना तासभर अजिबात हलवायचं नसतं. मग त्या सतत डुलणाऱ्या फळीवर 20 ते 24 अंशांत जातात आणि फक्त पाच दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे 30 अंशांखाली गोठवला की वर्षभर चालतो. काम नीट झालं आहे का, हे डोळ्यांनीही दिसतं: प्लाझ्मात लाली आली तर पेशी फुटल्या किंवा चाप उशिरा थांबवला, आणि प्लेटलेटची पिशवी उजेडात धरून हळू हलवली तर भोवऱ्यासारखी चमक फिरताना दिसायला हवी. चमक नसेल तर प्लेटलेट बहुधा जिवंत नाहीत.

अशा रीतीने एका बॅगेचे तीन घटक झाले. तांबड्या पेशी थॅलेसेमियाच्या मुलाला किंवा बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला, प्लेटलेट केमोथेरपी चाललेल्या रुग्णाला, प्लाझ्मा यकृत बिघडल्याने ज्याचं रक्त गोठत नाही त्याला.

पण यातलं काहीही तपासणीशिवाय बाहेर जात नाही. नळ्यांमधल्या रक्तावर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या होतात. इथे मघाच्या प्रश्नांचं उत्तर आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर प्रतिपिंडांच्या चाचणीत ती दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी हा काळ दहाएक दिवसांवर आणते, पण ती सगळ्या रक्तपेढ्यांत होत नाही, आणि जिथे होते तिथेही तो काळ शून्य होत नाही. त्या दिवसांत रक्त देणाऱ्याची चाचणी स्वच्छ येते आणि बॅग रुग्णापर्यंत पोहोचते. तिथे फक्त दात्याचं खरं उत्तर उपयोगी पडतं. घरी गेल्यावर काही आठवलं, किंवा पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर पावतीवरच्या क्रमांकावर फोन करा. बॅग बाजूला काढता येते.

रक्तगट दोन बाजूंनी पाहतात: दात्याच्या पेशींवर ज्ञात रसायनं टाकून, आणि त्याच्या प्लाझ्मात ज्ञात पेशी टाकून. दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट याच दुहेरी तपासणीत पकडला जातो. एका बाजूने तो ओ वाटतो, पण प्लाझ्मा ओ पेशींनाही गुठळ्या करतो. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, म्हणून असा दाता सापडला की रक्तपेढी त्याचा पत्ता जपून ठेवते.

दात्याच्या अंगात काय चाललं आहे

पुन्हा आपल्या माणसाकडे येऊ. 65 किलोच्या पुरुषात किलोमागे सुमारे 70 मिली धरलं तर साडेचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं 350 मिली गेलं, म्हणजे पावणेआठ टक्के.

लगेच हिमोग्लोबिन तपासलं तर ते 14 च येतं. पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात गेले, मग उरलेल्या रक्ताचा दाटपणा बदलणार कसा? पण केशवाहिन्यांतला दाब उतरला की काही मिनिटांतच ऊतींमधलं पाणी आत झिरपू लागतं. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी राखून ठेवतात, तहान लागते. पाणी, ताक, वरणाचं पाणी असं पोटात जात राहिलं तर एक-दोन दिवसांत एकूण रक्त पुन्हा साडेचार लिटर होतं. आता हिमोग्लोबिन तपासलं तर ते 12.9 च्या आसपास भरतं. म्हणजे माणसाला बरं वाटू लागतं त्याच दिवशी आकडा उतरलेला असतो.

हेच गणित 50 किलोच्या, 12.8 हिमोग्लोबिनच्या बाईसाठी करा. तिच्यात सव्वातीन लिटर रक्त, त्यातलं जवळपास अकरा टक्के गेलं, आणि दोन दिवसांनी आकडा 11.4 वर आला. 12.5 ची अट किती थोडी मोकळीक ठेवते ते इथे दिसतं.

पेशी भरून काढायचं काम अस्थिमज्जेचं. आपल्या दात्याच्या जवळपास 150 मिली तांबड्या पेशी गेल्या. त्याची मज्जा एरवीही रोज 16 मिलीच्या आसपास पेशी बनवतेच, पण त्या जुन्या मेलेल्या पेशींच्या जागी जातात. गेलेल्या भरायच्या तर त्याहून जास्त बनवावं लागतं. मज्जेला पेशी बनवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडातून वाढतं आणि तीन-चार दिवसांत कोवळ्या पेशी रक्तात दिसू लागतात. मज्जेने तीस टक्के जास्त काम केलं तरी महिना लागतो.

आणि त्यासाठी लोह लागतं. 350 मिलीत 49 ग्रॅम हिमोग्लोबिन होतं, ग्रॅममागे 3.4 मिलिग्रॅम लोह, म्हणजे सुमारे 167 मिलिग्रॅम लोह घराबाहेर गेलं. एरवी शरीर मेलेल्या पेशींचं लोह पुन्हा वापरतं. जेवणातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच आत घेतं. गरजेपेक्षा रोज एक मिलिग्रॅम जास्त शोषलं गेलं तर ही तूट भरायला साडेपाच महिने लागतील. साठा कमी झाला की आतडी शोषण वाढवतात, त्यामुळे निरोगी पुरुषाचं त्याआधी भागतं. पण पुरुषात हजारेक मिलिग्रॅमचा साठा असतो आणि पाळी येणाऱ्या बाईत तीनशेच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. म्हणून पुरुषांना 90 दिवसांचं आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर आहे.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ज्यांचा साठा आधीच कमी होता आणि ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांचं उतरलेलं हिमोग्लोबिन 80 टक्के भरून यायला सुमारे 158 दिवस लागले. रोज 37.5 मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांना 32 दिवस पुरले. म्हणून वर्षातून दोन-तीनदा देणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे लोहाची गोळी घ्यावी. बीट आणि डाळिंबाच्या लाल रंगावर विसंबू नका. त्यांत लोह फार नाही. शाकाहारी ताटात डाळी, हरभरे, अळीव, पालेभाज्या असाव्यात आणि वर लिंबू पिळावं किंवा आवळा खावा, त्याने वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणानंतरचा चहा मात्र ते अडवतो. तो तास-दीड तास पुढे ढकला.

पुढची तारीख डायरीत लिहून ठेवा. 15 ऑगस्टच्या शिबिरात रक्त दिलं असेल तर पुरुषाला 13 नोव्हेंबरपासून पुन्हा देता येतं, स्त्रीला 13 डिसेंबरपासून. या दोघांनी 26 जानेवारीच्या शिबिरापर्यंत थांबलं तर लोहाला आणखी काही आठवडे मिळतात. तिथे थेंब तरंगला तर नुसतं “पुढच्या वेळी बघू” म्हणून परत फिरू नका, त्याच आठवड्यात हिमोग्राम आणि फेरिटिन करून घ्या.